ई-रिक्षाचं ॲव्हरेज घटलं? सेट बदलण्याआधी चोवीस सेल तपासा

दर्यापूर तालुक्यात खेडं ते एसटी स्टँड अशा फेऱ्या मारणाऱ्या एका दादांची ई-रिक्षा मार्चअखेरीस माझ्या बॅटरीच्या दुकानासमोर उभी राहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "भाऊ, नवी होती तवा एका चार्जिंगमध्ये नव्वद किलोमीटर आरामात जाये. आता पंचावन्नलाच दम टाकते. अन् चार्जर तं रात्री दोन वाजताच हिरवा दिवा देऊन राह्यला. सेट गेला काय?" सेट दहा महिन्यांचा होता. 12 व्होल्टच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, प्रत्येकी 130 अँपिअर-तासांच्या. एका जणाने त्यांना चारही बॅटऱ्या बदला म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने ॲसिड टाकून देतो म्हटलं होतं.

सेट बदलणं हा रिक्षावाल्याचा सगळ्यात मोठा खर्च. तो करण्याआधी ॲव्हरेज नेमकं कशामुळे घटलं हे शोधता येतं, आणि त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, ॲसिडचा दाटपणा मोजणारा एक हायड्रोमीटर, वही-पेन आणि रिक्षा उभी ठेवायला एक दिवस, एवढ्यावर काम होतं. दादांच्या रिक्षावर आम्ही जे जे केलं ते त्याच क्रमाने इथे देतो. हे सगळं पाणी टाकावं लागणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहे. रिक्षात लिथियमचा सेट असेल तर यातलं काहीही करू नका. त्याच्या आतलं सर्किट वेगळं असतं आणि तो उघडायचा नसतो.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय होतं

बॅटरीत शिशाच्या दोन प्रकारच्या प्लेटा असतात आणि मधे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. रिक्षा चालते तेव्हा ॲसिडातला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि ॲसिड पातळ होत जातं. चार्जिंग करताना तोच सल्फेट प्लेटांवरून सुटतो आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. म्हणून ॲसिडचा दाटपणा मोजला की त्या सेलमध्ये किती चार्ज आहे ते कळतं. मेकॅनिक लोक ज्याला ग्रॅव्हिटी म्हणतात ती हीच.

बिघाड सुरू होतो तो सल्फेट वेळेत सुटला नाही तर. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, किंवा रोज थोडी थोडी अपुरी चार्ज होत राहिली, की प्लेटांवरचे बारीक कण मोठे आणि कडक होत जातात. मग साध्या चार्जिंगने ते सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. हा दोष लवकर सापडला तर बराचसा परत फिरवता येतो.

दुसरं म्हातारपण परत फिरत नाही. पॉझिटिव्ह प्लेटच्या आत शिशाच्या काड्या असतात, त्या प्रत्येक चार्जिंगबरोबर थोड्या थोड्या गंजतात. त्यांच्याभोवतीचा वीज साठवणारा मसाला सैल होतो आणि काही झडून तळाशी बसतो. ट्यूब्युलर बॅटरीत हा मसाला कापडी नळ्यांत धरलेला असतो, म्हणून ती साध्या प्लेटच्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते, पण थांबत कुणाचंच नाही.

दोन्हींचा परिणाम बाहेरून सारखाच दिसतो. विहिरीत गाळ साचला की पाणी काठोकाठ दिसतं, पण मोटर लावली की नेहमीपेक्षा लवकर उपसा संपतो, तसं हे आहे. चार्जर हिरवा, मीटरवर व्होल्टेज पूर्ण, आणि तरी किलोमीटर कमी. चार्जर लवकर हिरवा होणं हीसुद्धा याचीच खूण. सल्फेट बसलेल्या बॅटरीत विजेला अडथळा वाढतो, त्यामुळे चार्जिंग चालू असताना तिचं व्होल्टेज पटकन वर चढतं. चार्जर बिचारा व्होल्टेज पाहतो आणि पोट भरलं समजून थांबतो. दादांना वाटत होतं की चार्जर चांगला जोरात काम करतो आहे. खरं म्हणजे बॅटरी घेतच नव्हती.

आधी रिक्षा तपासा, मग बॅटरी

ॲव्हरेज घटलं की सगळे बॅटरीकडे बोट दाखवतात, पण चाक जड फिरत असेल तर नवा सेटही लवकर उतरेल. म्हणून मागची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. चाक घासत थांबलं तर ब्रेक शू चिकटतो आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितल्याइतकी आहे का ते मीटरने बघा, अंगठ्याने दाबून नाही. सवारीही ध्यानात घ्या. ई-रिक्षा चालक सोडून चार जणांसाठी आणि 40 किलो सामानासाठी असते. बाजाराच्या दिवशी सहा-सात जण आणि कापसाचं बोचकं घेऊन मोजलेलं ॲव्हरेज तुलनेला चालत नाही.

मग जोडण्या. फेरी मारून आल्या आल्या प्रत्येक टर्मिनलजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर तिथे वायरीच्या टोकाचा लग सैल आहे किंवा पांढरा-हिरवा क्षार साचला आहे. खात्री करायची असेल तर रिक्षा भाराखाली असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पोस्टवर आणि दुसरं त्यावरच्या लगवर धरायचं. धातूला धातू लागलेला असल्याने तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. दहावा हिस्सा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर जोडणी उघडा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाऊ देऊ नका, कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

हंगामही पाहायचा. थंडीत बॅटरी कमी देते. दर 10 अंश तापमान उतरलं की साधारण 8 टक्के क्षमता घटते आणि ऊन वाढलं की परत येते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत ॲव्हरेज जरा उतरलं म्हणून घाबरायचं नाही. दादांचं उलट होतं. उन्हाळा तोंडावर असताना, म्हणजे बॅटरीने जास्त द्यायला हवं तेव्हा, तिने कमी दिलं. त्यांची चाकं मोकळी फिरत होती, हवा बरोबर होती, लगही ठीक होते. तेव्हा बॅटरी उघडायची ठरली.

सेल तपासताना जीव सांभाळा

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. उघड्या हवेत काम करा, जवळ बिडी-सिगारेट नको. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर क्षणात लाल होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धूत राहा आणि डोळ्यासाठी दवाखाना गाठा. पाण्याची बादली काम सुरू करण्याआधी जवळ भरून ठेवा.

पूर्ण चार्ज, विश्रांती आणि मग व्होल्टेज

रात्रभर पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि रिक्षा निदान चार-पाच तास तशीच राहू द्या. चार्जर काढल्याबरोबर दिसणारं व्होल्टेज फुगलेलं असतं, त्यावर निर्णय घेऊ नका. मग प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. चारींची बेरीज पाहून काही कळत नाही, आणि रिक्षाच्या हँडलवरचा मीटर फक्त बेरीजच दाखवतो.

दादांच्या चार बॅटऱ्यांना आम्ही खडूने नंबर घातले. पहिली 12.62, दुसरी 12.60, तिसरी 12.61 आणि चौथी 12.37. बेरीज 50.20 व्होल्ट, म्हणजे वरवर पाहिलं तर ठीकच. पण चौथी इतर तिघींपेक्षा पाव व्होल्टने खाली होती आणि विश्रांतीत असलेल्या बॅटरीत हा फरक मोठा आहे.

हायड्रोमीटरने चोवीस सेल

प्रत्येक बॅटरीत सहा सेल, चार बॅटऱ्या, एकूण चोवीस. आळस करून दोन-चार सेल पाहिले तर हमखास दोषी सेलच राहून जातो. झाकण काढा, हायड्रोमीटरची रबरी नळी सेलमध्ये घाला, फुगा दाबून सोडा आणि आतला तरंगता काटा काचेला न टेकता मोकळा तरंगेल इतकंच ॲसिड वर घ्या. डोळा ॲसिडच्या पातळीच्या समोर ठेवून आकडा वाचा, वहीत लिहा आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. दुसऱ्या सेलमध्ये कधीही नाही.

पूर्ण चार्ज झालेल्या चांगल्या सेलची ग्रॅव्हिटी या बॅटऱ्यांत 27 अंश तापमानाला साधारण 1.280 असते. आपण बोलताना बाराशे ऐंशी म्हणतो. तापमान वाढलं की ॲसिड पसरतं आणि आकडा कमी दिसतो, म्हणून 27 च्या वरच्या दर 10 अंशांमागे वाचलेल्या आकड्यात 7 मिळवायचे. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हे विसरलं तर धडधाकट सेलही दुबळा ठरतो. त्यापेक्षा सकाळी मोजलेलं बरं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट, नुकतंच पाणी टाकलेलं असेल तर मोजू नका. ते वरच राहतं आणि आकडा खोटा येतो. पाणी टाकून पूर्ण चार्ज झाल्यावरच मोजायचं.

दादांच्या पहिल्या तीन बॅटऱ्यांचे सेल 1255 ते 1265 च्या दरम्यान आले. दहा महिन्यांच्या सेटला हे साजेसं आहे. चौथ्या बॅटरीतले पाच सेल 1235 च्या आसपास आणि सहावा, कोपऱ्यातला, 1150. दादा काट्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे एकच खराब हाये, बाकी तीन बॅटऱ्या चांगल्याच की." हे अर्धं खरं होतं. एका बॅटरीत सगळे सेल चांगले आणि एकच मेलेला असता तर तो सेल बनावटीत बिघडला किंवा आतून शॉर्ट झाला असं म्हटलं असतं. शॉर्ट सेल ओळखता येतो. चार्जिंगच्या शेवटी बाकीच्या सेलमध्ये बुडबुडे येतात, तो मात्र शांत बसतो. इथे पूर्ण बॅटरीच खाली होती. म्हणजे तिला कुणीतरी रोज जास्त उतरवत होतं.

चौथ्या बॅटरीला कोण पीत होतं

सीट उचलून वायर शोधली तर उत्तर समोरच होतं. मागच्या सवारीसाठी लावलेला साउंड बॉक्स आणि छताची एलईडी पट्टी थेट चौथ्या बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर जोडलेली. गाणी वाजवायला 12 व्होल्ट लागतात, चारींचे मिळून 48 होतात, म्हणून ज्याने बसवलं त्याने सोयीची एक बॅटरी धरली. हे मी खूप रिक्षांत पाहतो.

आता हिशेब करा. साउंड बॉक्स आणि पट्टी मिळून 3 अँपिअर घेत होती. रोज सहा तास वाजलं तरी 18 अँपिअर-तास झाले. 130 च्या बॅटरीचा हा जवळपास सातवा हिस्सा. रिक्षा चालवायला चारही बॅटऱ्यांतून सारखीच वीज जाते, कारण त्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या आहेत. चौथीतून मात्र त्याशिवाय हे 18 जातात. रात्री चार्जर चौघींना पुन्हा सारखीच वीज देतो. तिघी भरतात, बेरजेचं व्होल्टेज चढतं, हिरवा दिवा लागतो आणि चौथी उपाशी राहते. दुसऱ्या दिवशी ती उपाशीपोटीच निघते. महिनोन्महिने असं चाललं की तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होणारच. वर आपल्या खेड्यांत लाइन जाते, अर्ध्यात चार्जिंग थांबतं, आणि सकाळची पहिली सवारी चुकू नये म्हणून रिक्षा तशीच निघते. तो फटकाही सगळ्यात आधी याच बॅटरीला बसतो.

भाराखालची परीक्षा

उभ्या रिक्षाचे आकडे अर्धीच गोष्ट सांगतात. दिवसाच्या शेवटच्या फेरीला, म्हणजे बॅटऱ्या बऱ्याच उतरल्या असताना, रिक्षा चालू ठेवून प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज पाहायला हवं. मल्टिमीटरच्या वायरींना क्लिपा लावून त्या बॅटरीला पक्क्या अडकवा. सीटवर बसून मीटर वाचायला एक माणूस आणि चालवायला दुसरा, रस्ता मोकळा, वेग कमी. हात घालायचा तो रिक्षा थांबवून, चालत्या गाडीत क्लिप बदलायची नाही. चारही वेळा तोच रस्ता, तोच भार ठेवा. आमच्या बाजूला सगळं सपाट काळं रान, म्हणून नाल्याच्या पुलाचा छोटा चढ आम्ही परीक्षेसाठी धरला.

पुलावर चढताना पहिल्या दोन बॅटऱ्या 11.9 वर, तिसरी 11.8 वर आणि चौथी 10.1 वर. बेरीज 45.7. कंट्रोलर साधारण 42 व्होल्टच्या आसपास रिक्षा बंद पाडतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. पण 12 व्होल्टच्या बॅटरीला भाराखाली 10.5 च्या खाली नेऊ नये. चौथी त्या रेषेच्या खाली गेलेली असूनही रिक्षा पळत होती, कारण बाकी तिघी तिला ओढत होत्या. अशा वेळी आतला सगळ्यात दुबळा सेल शून्यावर जातो आणि मग उलटा चार्ज होऊ लागतो. एकदा असं झालं की तो सेल फार दिवस काढत नाही. दादा नेमके याच टप्प्यावर रोज शेवटची फेरी मारत होते. गाडी मंदावली तरी हळूहळू घरापर्यंत नेत होते.

चौथीला वेगळं चार्जिंग

ॲसिड टाकून ग्रॅव्हिटी वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. ॲसिड वाढवलं की हायड्रोमीटरचा काटा वर जातो, पण प्लेटांवरचा सल्फेट तिथेच राहतो आणि दाट ॲसिड आतल्या काड्या लवकर खातं. ॲसिड सांडून गेलं असेल तेवढीच एक वेळ ॲसिड टाकायची असते, तीही जाणकाराकडून.

आम्ही आधी साउंड बॉक्सची वायर काढली. मग चौथी बॅटरी सेटमधून सोडवून 12 व्होल्टच्या चार्जरवर कमी करंटने लावली. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या पाच टक्के हा अंदाज बरा, म्हणजे 130 ला सहा ते साडेसहा अँपिअर. घाई करून जास्त करंट दिला तर सल्फेट सुटण्याऐवजी पाणी उकळल्यासारखं उडतं आणि बॅटरी तापते. लावण्याआधी प्लेटा उघड्या पडलेल्या नाहीत ना ते पाहायचं, पडल्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. बाकीचं पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर.

हे चार्जिंग घड्याळ पाहून थांबवायचं नसतं. सगळ्या सेलना बुडबुडे येऊ लागले की दर तासाला ग्रॅव्हिटी आणि व्होल्टेज लिहायचं. लागोपाठ तीन वेळा आकडे बदलले नाहीत की बॅटरीने घ्यायचं तेवढं घेतलं. ॲसिडचं तापमान 50 अंशांवर जाऊ द्यायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दुकानातच चाळिशी पार होते, म्हणून आम्ही रात्री चार्जिंग लावून दुपारी बंद ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा सुरू केलं.

शेवटी पाच सेल 1265 वर येऊन थांबले. कोपऱ्यातला 1235 वर. बाकीच्या सेलपेक्षा तो 30 ने मागे. हा फरक 30 च्या आत आला तर सेट चालवता येतो, एवढं चार्जिंग करूनही 50 च्या वर राहिला तर त्या सेलवर आशा ठेवू नये. दादांचा सेल काठावर होता. मग चारही बॅटऱ्या पुन्हा जोडल्या, हिरवा दिवा लागल्यानंतरही मोठ्या चार्जरवर आणखी दोन-तीन तास ठेवल्या आणि तोच पूल पुन्हा चढलो. चौथी आता 11.6 ला थांबली.

त्यानंतर एका चार्जिंगमध्ये दादांची रिक्षा 75 किलोमीटरच्या आसपास जाऊ लागली. नवी असताना 90 होतं. 55 वरून 75 पर्यंतचा जो भाग परत आला तो सल्फेटचा आणि उपाशी चौथ्या बॅटरीचा होता. उरलेले 15 किलोमीटर हे खरं म्हातारपण, ते कुठल्याही चार्जिंगने येणार नाहीत. नव्या क्षमतेच्या 80 टक्क्यांखाली गेलेली बॅटरी संपत आली असं या धंद्यात धरतात. 90 चे 80 टक्के म्हणजे 72. म्हणजे दादांचा सेट त्या रेषेच्या जरासा वर होता. मी त्यांना तेच सांगितलं, हा सेट आणखी काही महिने देईल, पण नव्या सेटसाठी पैसे बाजूला काढायला आजपासून सुरुवात करा.

एकटी चौथी बदलायची का, असं त्यांनी विचारलं. दहा महिन्यांच्या तिघींमध्ये नवीकोरी बॅटरी घातली तर रिक्षा जुन्यांच्याच मापाने चालते, आणि जुन्या चार्जिंगला जास्त वेळ घेतात तेव्हा नवी फुकट उकळत राहते. त्यामुळे नवी लवकर जुनी होते. सेट दोन-चार महिन्यांचा असता तर वॉरंटीत तीच बदलून घ्या म्हटलं असतं. इतक्या जुन्या सेटला लागलीच तर त्याच वयाची, त्याच अँपिअरची, तपासलेली जुनी बॅटरी शोधावी.

रोजचं वागणं कसं ठेवायचं

दादांना सांगितलेल्या गोष्टींत पहिली पाण्याची. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. इथल्या बोअरचं पाणी जिभेलाच खारट लागतं, ते बॅटरीत गेलं की क्लोराइड पॉझिटिव्ह काड्या खातं आणि लोह असलं तर बॅटरी उभ्या उभ्या उतरते. आरओचं पाणी पिण्याला ठीक, पण त्यातही क्षार उरतातच. बंद डब्यातलं डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटरच घ्या. उन्हाळ्यात दर आठवड्याला पातळी बघा, एरवी पंधरा दिवसांनी चालतं. तरंगत्या खुणेच्या वर भरू नका, नाहीतर चार्जिंगला ॲसिड बाहेर सांडतं आणि ग्रॅव्हिटी कायमची घटते.

दुसरी उष्णतेची. बॅटरीचं तापमान कायम 10 अंशांनी जास्त राहिलं तर तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात हा सगळ्यात मोठा शत्रू. सवारीची वाट पाहायची तर लिंबाच्या सावलीत. फेऱ्या संपल्या की तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावू नका, सीट उघडी ठेवून तासभर निवू द्या. पण चार्जिंग त्याच रात्री झालंच पाहिजे, उद्यावर टाकलं की सल्फेट बसतो. दुपारी जेवणाच्या वेळेला तास-दोन तास चार्जिंग मिळत असेल तर घ्या. त्याने बॅटरी खोल उतरत नाही आणि खोल न उतरलेली बॅटरी जास्त दिवस टिकते. फक्त रात्रीचं पूर्ण चार्जिंग त्यामुळे चुकवू नका. लाइन गेल्यामुळे आठवडाभर अर्धवट चार्जिंग झालं असेल तर लाइन नीट असलेल्या पहिल्या रात्री हिरव्या दिव्यानंतर दोन-तीन तास जास्त ठेवा. शेवटच्या बुडबुड्यांनी तळाशी बसलेलं दाट ॲसिडही वर येऊन मिसळतं, तोही फायदा आहे.

तिसरी थांबण्याची. चढावर रिक्षा मंदावली, हॉर्नचा आवाज बसला की ती शेवटची फेरी समजा. दादा हे पाळू लागले, आणि भाड्याच्या वहीतच मागच्या पानावर दर महिन्याला एका ठरलेल्या रस्त्याचे किलोमीटर आणि चारही बॅटऱ्यांचं सकाळचं व्होल्टेज लिहू लागले. एखादी बाकीच्यांपेक्षा व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याने खाली दिसली की दुकानात यायचं, असं ठरलं. दिवाळीपर्यंत तो सेट चालला. शेवटी कोपऱ्यातला सेल बसला तेव्हा पैसे जमलेले होते.

नवा सेट घेताना आम्ही चारही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या बनावटीच्या आणि ग्रॅव्हिटीत 10 च्या आत जुळणाऱ्या निवडल्या. जुन्या चारही दुकानातच जमा केल्या आणि त्यांची किंमत बिलातून वजा झाली. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, भंगारवाल्याकडे त्या फोडल्या जाऊ नयेत. ॲसिड नाल्यात जातं आणि शिसं मातीत. साउंड बॉक्स दादांना हवाच होता, म्हणून पूर्ण 48 व्होल्टवरून 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवला. तो चारही बॅटऱ्यांतून सारखं घेतो. फ्यूज पॉझिटिव्ह वायरवर, बॅटरीच्या जवळ घातला आणि कन्व्हर्टरचा स्विच चावीवर घेतला, म्हणजे रिक्षा बंद केली की गाणीही बंद.